टायची लांबी, रुंदी आणि कॉलर : तयार कपड्यांच्या मापाचा एक इतिहास

प्रस्तावना

महाविद्यालयातील सादरीकरण, मुलाखत किंवा दीक्षान्त समारंभ यांच्या निमित्ताने अनेक विद्यार्थी आयुष्यात पहिल्यांदा टाय विकत घेतात. दुकानात रंग आणि नक्षी निवडायला शंभर पर्याय असतात. लांबी मात्र विचारली जात नाही, कारण बहुतेक टाय एकाच लांबीचे असतात. घरी बांधून पाहिल्यावर कोणाचा टाय पट्ट्याच्या खाली लोंबतो, कोणाचे मागचे अरुंद टोक पुढच्या रुंद टोकाखालून डोकावते, तर कोणाची गाठ कॉलरमध्ये मावतच नाही. अशा वेळी ‘मला टाय बांधता येत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. पुष्कळदा अडचण हातांत नसते, मापात असते.

प्रस्तुत पाठात आपण हे माप कोठून आले ते पाहणार आहोत. टायची आजची लांबी कशावरून ठरली, तिची रुंदी कोटाच्या लॅपेलबरोबर का वाढते आणि घटते, आणि शर्टाच्या कॉलरचा पसारा गाठीवर कसा मर्यादा घालतो, हे तीन प्रश्न त्यासाठी घेतले आहेत. कोटाची पुढची जी बाजू छातीवर उलटी दुमडलेली असते तिला लॅपेल म्हणतात, आणि कॉलरच्या दोन टोकांमधील अंतराला येथे पसारा म्हटले आहे.

१. लांब टाय आणि उरेब कापणी

गळ्याभोवती कापड गुंडाळण्याची युरोपीय पद्धत सतराव्या शतकापासूनची आहे. आपल्या परिचयाचा लांब, सरळ खाली सोडलेला टाय मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये रुळला. त्याच्या सर्वात साध्या गाठीला ‘फोर-इन-हँड’ म्हणतात आणि या नावाचा संबंध चार घोड्यांची गाडी हाकण्याशी जोडला जातो. तोपर्यंत गळ्यातील वस्त्र म्हणजे कापडाचा पट्टा होता आणि तो कसा गुंडाळायचा हे घालणाऱ्याच्या हातात होते. लांब टायमुळे दोन टोके निर्माण झाली, पुढचे रुंद आणि मागचे अरुंद. ती दोन्ही कोठे संपावीत हा प्रश्न प्रथमच उभा राहिला.

सुरुवातीचे लांब टाय कापडाच्या उभ्या धाग्याच्या दिशेने कापलेले असत. असा टाय बांधला की पीळ बसतो आणि गाठ सोडल्यावर तो पूर्ववत होत नाही. यावरचा टिकाऊ उपाय न्यूयॉर्कमधील शिलाईकार जेसी लँग्सडॉर्फ याने १९२० च्या दशकात पेटंट घेऊन मांडला. त्याने कापड धाग्याशी ४५ अंशांचा कोन करून, म्हणजे आपले शिंपी ज्याला ‘उरेब’ म्हणतात तसे कापले आणि तीन तुकडे जोडून टाय तयार केला. उरेब कापड थोडे ताणले जाते आणि परत मूळ रूपात येते, म्हणून टाय सरळ लटकतो आणि गाठही नीट बसते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या बदलाचा दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. तीन तुकड्यांचा टाय कारखान्यात एकाच नमुन्यावरून हजारोंच्या संख्येने शिवता येऊ लागला. नमुना एक म्हणजे लांबीही एक. शर्टाला गळ्याचे माप असते, पँटला कंबरेचे असते. टायला माप उरले नाही. एक सरासरी शरीर गृहीत धरले गेले आणि ते शरीर अमेरिकेतील व युरोपातील पुरुषाचे होते.

२. लांबी : टाय नव्हे, कंबर खाली आली

टायचे रुंद टोक पट्ट्याच्या बकलला जेमतेम टेकावे, असा नियम आज सांगितला जातो. तो फार जुना असावा असे वाटते, पण तसे नाही. १९३० च्या दशकातील सूटमध्ये बहुधा वेस्टकोट असे, आणि टायचा खालचा भाग वेस्टकोटाच्या आत जाई. टोक कोठे संपते हे कोणालाच दिसत नव्हते. शिवाय त्या काळातील पँट उंच असे आणि तिचा कंबरपट्टा बेंबीच्या आसपास किंवा तिच्याही वर येई. वेस्टकोट नसला तरी टायला थोडेच अंतर उतरायचे होते. त्या काळातील पुष्कळ टाय सुमारे १२० ते १३० सेंटीमीटर लांबीचे आढळतात. आजचा प्रचलित टाय सुमारे १४७ सेंटीमीटर असतो. म्हणजे माणसे थोडीफार उंच झाली असली तरी टाय त्याहून पुष्कळ अधिक वाढला.

याचे कारण समजण्यासाठी टायची लांबी कोठे खर्च होते ते पाहू. बांधलेल्या टायचे चार भाग करता येतात : गळ्याभोवतीचा वेढा, गाठीत गुंतलेली लांबी, गाठीखाली पुढे लटकणारा रुंद भाग आणि त्यामागे लटकणारा अरुंद भाग. पहिले तीन भाग शरीर आणि गाठ ठरवतात. चौथा भाग म्हणजे उरलेली शिल्लक.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १९३५ मधील एक गृहस्थ १७५ सेंटीमीटर उंचीचे आहेत. गळ्याचा वेढा ४२ सेंटीमीटर घेतो. फोर-इन-हँड गाठीत २० सेंटीमीटर जातात. कॉलरच्या बटणापासून त्यांच्या उंच पँटच्या कंबरपट्ट्यापर्यंतचे अंतर ३६ सेंटीमीटर आहे. त्यातील ४ सेंटीमीटर गाठीने व्यापले, तर रुंद भागाला गाठीखाली ३२ सेंटीमीटर लागतात. बेरीज ९४ होते. टाय १२५ सेंटीमीटरचा असेल तर अरुंद भागासाठी ३१ सेंटीमीटर उरतात. पुढे ३२, मागे ३१, म्हणजे दोन्ही टोके जवळजवळ बरोबर. त्या काळचा आखूड टाय त्या काळच्या पँटला पुरेसा होता.

आता हाच माणूस तीस वर्षांनंतरची पँट घालतो असे समजा. १९५० आणि १९६० च्या दशकांत कंबरपट्टा हळूहळू खाली सरकला आणि रोजच्या सूटमधून वेस्टकोटही मागे पडत गेला. कंबरपट्टा ८ सेंटीमीटर खाली आला तर रुंद भागाला ४० सेंटीमीटर हवेत. बेरीज १०२ होते आणि त्याच जुन्या टायमध्ये अरुंद भागासाठी फक्त २३ सेंटीमीटर राहतात. गृहस्थाने मोठी गाठ बांधायचे ठरवले तर तेवढेही राहत नाहीत. त्यामुळे टाय लांब होणे भाग होते. टायची आजची लांबी अशा रीतीने मुख्यतः पँटच्या इतिहासातून आली आहे.

यातून एक व्यावहारिक गोष्टही निघते. ‘टाय बकलपर्यंत हवा’ हा नियम उंचीपेक्षा कंबरपट्ट्याच्या जागेवर अवलंबून आहे. एकाच उंचीचे दोन मित्र, एक पँट बेंबीवर घालणारा आणि दुसरा त्याखाली चार बोटे घालणारा, एकाच टायमध्ये वेगवेगळे दिसतील. म्हणून माप घेताना उंची विचारण्याऐवजी आपण नेहमी घालतो ती पँट घालून कॉलरच्या बटणापासून बकलच्या मध्यापर्यंत फीत लावावी.

३. गाठ : विंडसरचे नाव आणि लांबीचा खर्च

गाठ जेवढी मोठी तेवढा टाय आखूड होतो, हे उघड आहे. पण मोठ्या गाठीचा सोस कसा आला, यामागे एक बोधप्रद गैरसमज आहे.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटनचा युवराज, म्हणजे पुढे काही महिने राजा राहून १९३६ मध्ये सिंहासन सोडणारा आठवा एडवर्ड, हा पुरुषी पोशाखातील आदर्श मानला जाई. राज्यत्यागानंतर तो ड्यूक ऑफ विंडसर झाला. छायाचित्रांत त्याच्या टायची गाठ भरदार आणि समभुज दिसे. चाहत्यांनी ती साधण्यासाठी टायला गळ्याच्या वेढ्यावरून दोन्ही बाजूंनी जास्तीचे फेरे देण्याची रीत काढली, आणि त्या गाठीला त्याचेच नाव मिळाले. ड्यूकने मात्र १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ फॅमिली आल्बम’ या पुस्तकात स्पष्ट केले की ती गाठ तो बांधत नसे. त्याचे टाय जाड अस्तराचे होते. साधीच गाठ जाडीमुळे मोठी दिसत होती.

म्हणजे एकच परिणाम दोन मार्गांनी साधला जात होता. एका मार्गात जाडी अस्तराची होती, आणि टाय मुद्दाम शिवून घेता येत असेल त्यालाच तो मार्ग खुला होता. दुसऱ्या मार्गात जाडी फेऱ्यांची होती, आणि ती टायच्या लांबीतून वजा होई. बाजारातील पातळ टाय घेणाऱ्याला दुसराच मार्ग उपलब्ध होता.

फेऱ्यांचा हा खर्च मोजण्याची एक नेटकी पद्धत पुढे केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतील थॉमस फिंक आणि योंग माओ या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी दिली. १९९९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी गाठ म्हणजे डावीकडे, उजवीकडे व मध्याकडे केलेल्या चालींची मालिका आहे असे मानले आणि प्रचलित लांबीच्या टायने ८५ वेगवेगळ्या गाठी बांधता येतात असे दाखवले. त्यांच्या मोजणीत फोर-इन-हँडला ४, हाफ-विंडसरला ६ आणि पूर्ण विंडसरला ८ चाली लागतात. चाली दुप्पट झाल्या की लांबीचा खर्चही साधारण त्याच प्रमाणात वाढतो. नेमका आकडा कापडाच्या जाडीवर अवलंबून असतो, म्हणून तो आपल्याच टायवर मोजलेला बरा. गाठ बांधून दोन्ही टोकांची गाठीखालची लांबी आणि गळ्याचा वेढा मोजावा आणि ही बेरीज टायच्या एकूण लांबीतून वजा करावी. जे उरेल तो गाठीचा खर्च.

४. रुंदी : लॅपेलच्या सोबतीने

टायची रुंदी त्याच्या सर्वात रुंद जागी, म्हणजे टोकाच्या थोडी वर मोजतात. लॅपेलची रुंदी दुमडीच्या रेषेपासून बाहेरच्या टोकापर्यंत आडवी मोजतात. ही दोन मापे एकमेकांच्या जवळ असावीत, असा संकेत आहे. त्याचे कारण दृष्टीत आहे. कोटाच्या दोन लॅपेल आणि मधला शर्ट मिळून छातीवर एक त्रिकोण तयार होतो. टाय हा त्या त्रिकोणातील तिसरा उभा पट्टा असतो. तो दोन बाजूंच्या पट्ट्यांपेक्षा फार अरुंद असेल तर शर्टाचे मोठे पांढरे मैदान उघडे पडते. फार रुंद असेल तर शर्ट झाकला जातो आणि लॅपेल चिंचोळ्या वाटू लागतात.

इतिहासात ही जोडी नेहमी एकत्र हललेली दिसते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे कापडाच्या वापरावर निर्बंध होते. ते सैल झाल्यावर १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रुंद लॅपेल आणि १० ते ११ सेंटीमीटर रुंदीचे भडक टाय आले. वर्षानुवर्षे काटकसर केलेल्या समाजाने कापड मोकळ्या हाताने वापरले. १९५० च्या दशकात ही लाट ओसरली. अंगाशी बसणारे कोट, अरुंद लॅपेल आणि त्यांच्याबरोबर अरुंद टाय आले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस पाच सेंटीमीटरच्या आसपासचा टाय सर्रास दिसे.

मग लंबक पुन्हा उलट फिरला. १९६० च्या दशकाच्या मध्यावर लंडनमध्ये मायकेल फिश या पोशाखकाराने अतिशय रुंद, रंगीबेरंगी टाय लोकप्रिय केले. त्यांना ‘किपर टाय’ म्हणत. किपर म्हणजे चिरून उघडलेला, धुरावलेला हेरिंग मासा. टायचा आकार आणि त्याच्या कर्त्याचे आडनाव या दोहोंवरची ही कोटी होती. अमेरिकेत राल्फ लॉरेन यांनी १९६७ मध्ये आपला व्यवसाय सुरू केला तोही रुंद टाय विकूनच. अरुंद टायला सरावलेल्या बाजारात ते वेगळे दिसत होते. १९७० च्या दशकात रुंद लॅपेल सर्वत्र झाल्या आणि टायही त्यांना साजेसे राहिले. त्यानंतरच्या दशकांत दोन्ही पुन्हा मध्यावर आल्या, आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी अरुंद सूटबरोबर अरुंद टायची आणखी एक फेरी झाली.

या चढउतारातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, टाय एकटा क्वचितच जुना दिसतो. वडिलांच्या कपाटातील दहा सेंटीमीटरचा टाय आजच्या सात सेंटीमीटरच्या लॅपेलवर विजोड वाटतो, पण त्याच कपाटातील कोटावर तो शोभतो. दुसरी, तंतोतंत जुळणी आवश्यक नाही. एक सेंटीमीटरचा फरक डोळ्यांना जाणवत नाही, अडीच-तीन सेंटीमीटरचा जाणवतो. लॅपेल आठ सेंटीमीटर असेल तर सात ते नऊ सेंटीमीटरचा कोणताही टाय चालतो. रुंद खांद्यांच्या, भरदार छातीच्या व्यक्तीने या पल्ल्यातील मोठी बाजू घ्यावी आणि सडपातळ व्यक्तीने लहान बाजू घ्यावी. येथे उंचीपेक्षा छातीची रुंदी अधिक बोलते.

५. कॉलर : गाठीची चौकट

एकोणिसाव्या शतकात शर्टाची कॉलर बहुधा वेगळी, खळ दिलेली आणि ताठ असे. विसाव्या शतकात, विशेषतः पहिल्या महायुद्धानंतर, शर्टालाच शिवलेली मऊ कॉलर रूढ झाली. मऊ कॉलरची टोके खाली उतरतात आणि त्यांच्यामध्ये उलट्या त्रिकोणासारखी मोकळी जागा राहते. टायची गाठ या चौकटीत बसते. टोके जवळजवळ असतील तर जागा चिंचोळी राहते आणि ती दूर असतील तर रुंद होते. अमेरिकेतील ब्रूक्स ब्रदर्स या पेढीने लोकप्रिय केलेल्या कॉलरमध्ये टोके बटणांनी शर्टाला जोडलेली असतात. तिची जागा लवचीक असली तरी मोठ्या गाठीला ती पुरत नाही.

गाठ आणि कॉलर जुळली आहे की नाही, हे आरशात तीन खुणांवरून ओळखता येते. गाठीच्या दोन्ही बाजूंना गळ्याभोवतीचा टायचा पट्टा उघडा दिसत असेल तर गाठ कॉलरच्या मानाने लहान आहे. कॉलरची टोके वर उचलली जात असतील किंवा शर्टापासून सुटत असतील तर गाठ मोठी आहे. आणि गळ्याचे बटण गाठीच्या वर दिसत असेल तर गाठ पुरेशी वर ओढलेली नाही. हा तिसरा दोष मापाचा नाही, त्याला वेगळा टाय लागत नाही.

६. दोन विद्यार्थी, एक टाय

आता हे सारे एकत्र करून पाहू. दुकानातून आणलेला १४७ सेंटीमीटर लांब आणि ८ सेंटीमीटर रुंद असा एकच टाय आहे. दोन काल्पनिक विद्यार्थी तो बांधतात. त्यांनी मोजल्यावर या टायची फोर-इन-हँड गाठ २० आणि विंडसर गाठ ३६ सेंटीमीटर खाते असे आढळले.

पहिला विद्यार्थी १८८ सेंटीमीटर उंच आहे. गळ्याचा वेढा ४४ सेंटीमीटर, आणि बटणापासून बकलपर्यंतचे अंतर ५० सेंटीमीटर. गाठीचे ४ वजा करून रुंद भागाला ४६ हवेत. फोर-इन-हँडसह बेरीज ११० होते आणि अरुंद भागासाठी ३७ उरतात. ही शिल्लक रुंद भागापेक्षा ९ सेंटीमीटर कमी आहे, तरी रुंद भागाच्या पाठीवर शिवलेल्या छोट्या पट्टीत ती अडकते. टाय ठीक बसतो. त्याच विद्यार्थ्याने विंडसर बांधली तर शिल्लक २१ होते. अरुंद टोक त्या पट्टीपर्यंत पोहोचत नाही आणि वाऱ्यावर सुटते. विंडसरच हवी असेल तर त्याने सुमारे १६० सेंटीमीटरचा लांब टाय मागावा. नाहीतर साधी गाठ आणि मध्यम पसाऱ्याची कॉलर ठेवावी.

दुसरा विद्यार्थी १६० सेंटीमीटर उंच आहे. गळ्याचा वेढा ४०, बटणापासून बकलपर्यंत ४१, म्हणून रुंद भागाला ३७. फोर-इन-हँडसह बेरीज ९७ आणि शिल्लक तब्बल ५० सेंटीमीटर. अरुंद टोक रुंद टोकापेक्षा १३ सेंटीमीटर खाली लटकते. हे टाळण्यासाठी अरुंद टोक वर घेतले की रुंद टोक खाली घसरते, आणि टाय बकलच्या खाली जातो. आता या विद्यार्थ्याने काय करावे?

त्याला सहसा विंडसर बांध असा सल्ला मिळतो. हिशेब खरोखरच जुळतो, कारण ३६ सेंटीमीटर गाठीत गेले की शिल्लक ३४ राहते, म्हणजे पुढच्या टोकापेक्षा जराशी वर. पण विंडसर गाठ रुंद असते आणि तिला पसरट कॉलर लागते. विद्यार्थ्याची कॉलर चिंचोळी असेल तर तिची टोके उचलली जातात. कॉलर पसरट घेतली तरी लहान चेहरा आणि अरुंद छाती यांच्या मध्ये मोठा त्रिकोण बसतो. लांबीचा दोष लपवताना रुंदीचा दोष उत्पन्न झाला.

दुसरा मार्ग फोर-इन-हँडला आणखी एक आडवा वेढा देण्याचा आहे. त्यात सुमारे ९ सेंटीमीटर अधिक जातात आणि गाठ उंच, पण सडसडीत राहते. शिल्लक ४१ होते. अजूनही ४ सेंटीमीटर जास्तच, पण अरुंद टोक शर्टाच्या दोन बटणांमधून आत सारले की दिसत नाही. चिंचोळ्या कॉलरच्या शर्टावर हा उपाय सर्वात सोयीचा आहे.

तिसरा मार्ग टाय आखूड करण्याचा. मूळ दोष तेथेच असल्याने तो सर्वात नेमका आहे. गळ्यामागे जेथे तुकडे जोडलेले असतात तेथून शिवण उसवून कुशल शिंपी टाय १० ते १२ सेंटीमीटर कमी करू शकतो. टोके कापू नयेत, कारण त्यांचा आकार आणि अस्तर पुन्हा साधत नाही. १३५ सेंटीमीटरच्या टायमध्ये साध्या गाठीने शिल्लक ३८ येते आणि रुंद भाग ३७, म्हणजे जवळजवळ समान. अरुंद टोक शिवलेल्या पट्टीतून नेऊन किंचित वर ओढले की काम झाले. अशा रीतीने कापलेल्या टायची गळ्यामागची जागा थोडी अधिक रुंद होऊ शकते, पण ती कॉलरखाली झाकली जाते.

७. सरासरी कोणाची?

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून विचार करावा. भारतीय पुरुषाची सरासरी उंची सुमारे १६५ सेंटीमीटर आहे. वरच्या उदाहरणांतील दुसरा विद्यार्थी तिच्याच जवळ आहे, पहिला फार दूर आहे. तरीही बाजारातील टाय पहिल्याला अधिक सोपा जातो. यामागे कोणाचा हेतू नव्हता. जे नमुने जेथे तयार झाले तेथील शरीराचे माप त्यांत राहिले, आणि वस्तू प्रवासाला निघाली तेव्हा माप तिच्याबरोबर निघाले.

आपल्याकडे हा प्रश्न केवळ फॅशनचा राहिलेला नाही. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची सूट-टायमधील प्रतिमा आज गावोगावच्या पुतळ्यांतून दिसते. ज्या समाजांना चांगले कपडे घालण्याचाही मज्जाव होता त्यांच्यासाठी तो पोशाख प्रतिष्ठेच्या हक्काची खूण आहे. त्यांच्या नातवंडांच्या पिढीतील विद्यार्थी मुलाखतीसाठी टाय बांधतो तेव्हा तो नीट न बसणे हा त्याच्या अंगी असलेला उणेपणा नाही, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. ते दुसऱ्याच्या शरीरावर घेतलेले माप आहे, आणि फीत, हिशेब व शिंपी यांच्या साहाय्याने ते बदलता येते.

सारांश

टायची प्रचलित लांबी वेस्टकोट मागे पडल्यानंतर आणि पँटची कंबर खाली आल्यानंतर ठरली, म्हणून माप बकलपर्यंतच्या अंतरावरून घ्यावे. टायची रुंदी लॅपेलच्या आसपास, एक सेंटीमीटरच्या फरकाने ठेवावी. गाठ कॉलरच्या पसाऱ्यावरून निवडावी आणि मग तिचा खर्च लांबीतून वजा करून पाहावा. क्रम हाच ठेवावा : आधी कॉलर, मग गाठ, मग लांबी. लांबीची अडचण गाठ मोठी करून सोडवू लागलो की तीच अडचण कॉलरमध्ये जाऊन बसते.

स्वाध्याय

१. आपल्याकडील किंवा मित्राकडील टाय बांधून त्याचे चार भाग मोजा. गाठीचा खर्च किती आला?

२. १९३० च्या दशकातील आणि १९७० च्या दशकातील पुरुषांची प्रत्येकी दोन छायाचित्रे पाहा. कंबरपट्टा, लॅपेल आणि टाय यांच्या मापांतील फरक आपल्या शब्दांत लिहा.

३. कारखान्यात तयार होणाऱ्या आणखी एखाद्या वस्तूत कोणाचे ‘सरासरी शरीर’ गृहीत धरले आहे ते शोधा, आणि ते कसे ओळखले हे सांगा.